एचबीएवनसी 7, पण रात्री साखर किती?

श्रोतेहो, नमस्कार.

लॅबचा रिपोर्ट येतो, त्यात एचबीएवनसी 7.0 दिसतं आणि घरातले सगळे सुटकेचा श्वास सोडतात. सात म्हणजे साखर आटोक्यात, हा आपला हिशेब बऱ्याच अंशी बरोबरही आहे. पण हा आकडा सरासरीचा आहे. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते, ती पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज त्यातून मिळतो. 7.0 म्हणजे सरासरी साखर 154 मिलिग्रॅमच्या आसपास. ही सरासरी दिवसभर 150च्या आगेमागे राहूनही येते आणि रात्री 60, सकाळी 240 असं होऊनही येते. लॅबच्या कागदावर दोन्ही सारखंच दिसतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, धनकवडीत राहणारे 58 वर्षांचे एक गृहस्थ आहेत. टाइप 2 मधुमेह, मेटफॉर्मिन दोन वेळा, रात्रीच्या जेवणाआधी ग्लिमेपिराइड. एचबीएवनसी 7.0. तक्रार एकच, पहाटे कधीकधी घामाने जाग येते. डॉक्टरांनी त्यांच्या दंडाच्या मागच्या बाजूला 14 दिवसांसाठी सेन्सर लावला. त्याची केसासारखी बारीक तार त्वचेखाली राहते आणि पेशींच्या भोवतालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजते.

अहवालात पहिल्यांदा टाइम इन रेंज पाहायचं, म्हणजे साखर 70 ते 180च्या दरम्यान दिवसाचा किती टक्के वेळ होती. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 2019 मध्ये ठरवल्याप्रमाणे बहुतेक प्रौढांसाठी हा वेळ 70 टक्क्यांच्या वर हवा. एक टक्का म्हणजे दिवसातली साधारण 15 मिनिटं, म्हणजे 70 टक्के म्हणजे जवळजवळ 17 तास. 180च्या वरचा वेळ 25 टक्क्यांच्या, म्हणजे सहा तासांच्या आत हवा. आणि 70च्या खालचा वेळ 4 टक्क्यांच्या, म्हणजे तासाभराच्या आत. त्यातही 54च्या खाली एक टक्क्यापेक्षा कमी.

या गृहस्थांचे आकडे असे आले: रेंजमध्ये 65 टक्के, वर 29 टक्के, खाली 6 टक्के. सरासरी 154, म्हणजे लॅबच्या सातशी अगदी जुळणारी. पण 6 टक्के म्हणजे रोज जवळजवळ दीड तास साखर 70च्या खाली, आणि हा दीड तास दिवसभर विखुरलेला नव्हता.

अहवालातल्या आलेखात 14 दिवसांच्या रेषा 24 तासांच्या एकाच पट्टीवर चढवलेल्या असतात. मधली गडद रेषा नेहमीची साखर दाखवते, भोवतीचा पट्टा रोजचा फरक दाखवतो. पट्टा रुंद असेल तर रोज वेगळं काहीतरी घडतंय. पट्टा अरुंद पण रेषाच उंच किंवा खाली असेल, तर रोज तेच घडतंय आणि त्याचं कारण शोधता येतं. इथे पहाटे तीन ते साडेपाचपर्यंत रेषा खाली होती आणि सकाळी दहाला 240च्या वर. रात्री आठला एक भाकरी आणि भाजी असं हलकं जेवण. ग्लिमेपिराइड मात्र पोटात किती गेलंय हे न बघता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, त्यामुळे पहाटे साखर घसरत होती. मग रिकाम्या पोटी तळजाईची टेकडी, आणि खाली उतरल्यावर प्लेटभर पोहे आणि गोड अमृततुल्य चहा.

पण पहाटेची घसरण खरी की सेन्सरची चूक? हे तपासल्याशिवाय गोळी बदलायची नाही. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं की त्यावर दाब पडतो आणि साखर खोटीच कमी दिसते. त्याची खूण अशी की रेषा एकदम सरळ खाली पडते आणि कूस बदलल्यावर लगेच वर येते. पहिल्या दिवसाचं मापही फारसं भरवशाचं नसतं. म्हणून दोन रात्री साडेतीनला बोटातलं रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर पाहिलं. 62 आणि 64. घसरण खरी होती.

अशा वेळी तीन छोटे चमचे, म्हणजे 15 ग्रॅम साखर पाण्यात घालून घ्यायची आणि 15 मिनिटांनी बोटावर तपासायचं. सेन्सर रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो. रक्तातली साखर सावरली तरी तो थोडा वेळ कमीच दाखवतो, आणि घाबरून माणूस लाडू, बिस्किटं खात सुटतो. मग सकाळी 250.

डॉक्टरांनी रात्रीची ग्लिमेपिराइड बंद करून कमी डोस नाश्त्याबरोबर दिला. पोहे निम्मे, सोबत वाटीभर मटकीची उसळ, चहा बिनसाखरेचा. नव्या 14 दिवसांत रेंजमध्ये 75 टक्के, वर 24, खाली एक. सरासरी 153. तीन महिन्यांनी लॅबमध्ये एचबीएवनसी पुन्हा 7.0! लॅबच्या कागदावर काहीच बदललं नव्हतं, पण पहाटेचा धोका गेला होता. गोळीचा हा बदल स्वतःच्या मनाने करू नका. दुसऱ्याच्या गोळ्या वेगळ्या, मूत्रपिंडं वेगळी.

दोन्ही आकडे जुळले नाहीत तर? सेन्सरच्या सरासरीवरून एचबीएवनसी किती असायला हवं, हा अंदाज अहवालात जीएमआय या नावाने येतो. समजा जीएमआय 7.0 आहे आणि लॅब 8.1 सांगते. तेव्हा सेन्सरला दोष देण्याआधी हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासा. लोह कमी असलं तर एचबीएवनसी प्रत्यक्षापेक्षा जास्त येतं, आणि आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये, हे फार आढळतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की साखर न बदलताही ते उतरतं. उलट रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल किंवा तांबड्या पेशी लवकर फुटत असतील, तर ते खोटंच कमी येतं.

मग एचबीएवनसी सोडून द्यायचं का? मुळीच नाही. डोळे, मूत्रपिंड आणि नसांचं नुकसान साखरेशी कसं जोडलेलं आहे, हे 1993 आणि 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या, अनेक वर्षं चाललेल्या अभ्यासांनी याच आकड्यावरून दाखवलं. टाइम इन रेंजमागे इतक्या वर्षांचा पुरावा अजून नाही. साधारणपणे 70 टक्के रेंज म्हणजे एचबीएवनसी सातच्या जवळपास आणि 50 टक्के म्हणजे आठच्या, पण माणसागणिक फरक पडतो.

घरात थकलेले आजी-आजोबा असतील, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर त्यांच्यावर 70 टक्क्यांचा आग्रह धरू नका. त्यांना 50 टक्क्यांच्या वर पुरतं, मात्र 70च्या खालचा वेळ एक टक्क्याच्या आत हवा, कारण त्या वयात साखर उतरून पडणं जास्त महागात पडतं. टाइप 1 मधुमेह असलेल्या गरोदर बाईसाठी रेंजच वेगळी, 63 ते 140.

सेन्सर महाग आहे, तो कायम लावणं सगळ्यांना परवडत नाही. गोळ्यांवर असलेल्या माणसाने वर्षातून दोनदा, एचबीएवनसी तपासण्याच्या आधीचे 14 दिवस लावला तरी दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतात. त्या दिवसांत मुद्दाम पथ्य करू नका, नेहमीसारखंच खा. फोनवर साधणाऱ्या सेन्सरचा फोन जवळ ठेवा, स्कॅन करावा लागणारा सेन्सर दर आठ तासांच्या आत स्कॅन करा, नाहीतर मधली माहिती पुसली जाते. निदान 70 टक्के, म्हणजे सुमारे दहा दिवसांची नोंद हवी. जेवण, चालणं आणि गोळीची वेळ वहीत लिहून ठेवा, आणि डॉक्टरांसमोर आलेख उघडला की आधी 70च्या खालच्या रेषेवर बोट ठेवा. 180च्या वरचं त्यानंतर पाहता येईल.