हिंगोलीचे ६२ की ५७? जनमत चाचणीचा तक्ता उलटा सोडवताना

(परभणीत पत्रकार आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, जनमत चाचणीचा अहवाल हातात पडला की नजर आधी कोण पुढे आहे तिकडे जाते. आज ते शेवटी बघू. आज आपण एकच अहवाल घेणार आहोत. तो सरावासाठी मीच रचला आहे, त्यामुळे त्यात कुठला खरा पक्ष शोधू नका. पण त्यातल्या चुका नेहमीच्याच आहेत.

पहिल्या पानाची तळटीप अशी आहे: मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत २,४०० मतदारांशी संपर्क साधला, १,२४० जणांनी मुलाखत पूर्ण केली, मार्जिन ऑफ एरर अधिक-उणे २ टक्के, विश्वासपातळी ९५ टक्के. आतल्या पानावर जिल्हावार तक्ता आहे. त्यात हिंगोलीचा नमुना ६२ जणांचा. अ पक्ष ४५.६ टक्के, ब पक्ष ३८.६, इतर १५.८. आणि बातमीचा मथळा तयार आहे: ‘हिंगोलीत अ पक्षाला सात टक्क्यांची आघाडी’.

मोबाइलमधला साधा कॅल्क्युलेटर काढा. मार्जिन ऑफ एरर, म्हणजे नमुन्यातला आकडा खऱ्या आकड्यापासून किती इकडेतिकडे असू शकतो ती चूक, अशी काढतात: नमुन्याचं वर्गमूळ काढायचं आणि ९८ ला त्यानं भागायचं. ९५ टक्के विश्वासपातळीसाठी १.९६ हा गुणक असतो. मत निम्मं-निम्मं विभागलेलं असेल तेव्हा चूक सर्वांत मोठी निघते, म्हणून त्याला ५० नं गुणतात. ते झाले ९८. आता १,२४० चं वर्गमूळ ३५.२. भागाकार २.८. अहवालात २ लिहिलंय.

लगेच ‘खोटं’ म्हणून शिक्का मारू नका. आधी सवलती देऊन बघा. पूर्णांकात लिहायचं म्हणून आकडा गोल केला असेल, तर २.८ चे ३ होतात, २ नाही. विश्वासपातळी ९० टक्क्यांची धरली असेल, तर ९८ ऐवजी ८२ घ्या, तरी २.३ येतात. एखाद्या लहान आकड्याची, म्हणजे १५ टक्के मतांच्या आसपासची चूक काढली, तर मात्र याच नमुन्यावर २ येतात. पण तळटीपेत सगळ्या अहवालासाठी एकच आकडा देताना निम्म्या-निम्म्याचा हिशेब धरायची रीत आहे, आणि इथे तसं काही वेगळं सांगितलेलं नाही.

मग गणित उलटं करा. २ टक्के यायला नमुना किती हवा? ९८ भागिले २ म्हणजे ४९, आणि त्याचा वर्ग २,४०१. हा आकडा आपण आत्ताच वाचला ना? २,४०० जणांशी ‘संपर्क’ साधला होता. म्हणजे ज्यांनी फोन उचलून ठेवून दिला, दारातून परत पाठवलं, त्यांनाही हिशेबात धरून चूक लहान केली गेली. उत्तर न देणाऱ्याकडून माहिती मिळत नाही, तेव्हा तो नमुन्यात मोजायचा नाही. तळटीपेतला आकडा जुळेना, की उलटं गणित करून आलेली संख्या अहवालात कुठं दडलीय ते शोधायचं. बहुतेक वेळा ती सापडते.

आता हिंगोली, आणि दुसरी तपासणी: छापलेली टक्केवारी तेवढ्या माणसांतून येऊ तरी शकते का? पूर्ण अहवालात १,२४० जण असताना एक माणूस म्हणजे ०.०८ टक्का. तिथं एका दशांशापर्यंतचा कुठलाही आकडा जुळून जातो, त्यामुळे ही दुसरी तपासणी तिथं निकामी आहे. ६२ मध्ये मात्र एक माणूस म्हणजे १.६ टक्के. टक्केवारी जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढते आणि मधल्या जागेवर कुणाला उभं राहता येत नाही.

बघा. ६२ चे ३८.६ टक्के म्हणजे २३.९३. जवळचा पूर्णांक २४. आता उलटा भागाकार, २४ भागिले ६२: ३८.७. एका दशांशाचा फरक आहे, पण २३ घेतले तर थेट ३७.१ वर घसरतो. म्हणजे ६२ वर ३८.६ येऊच शकत नाही. ४५.६ चं तसंच: २८.२७ माणसं; २८ धरली तर ४५.२. इतरांचे १५.८ म्हणजे ९.८ माणसं, १० धरली तर १६.१. तिन्ही आकडे हुकले. एखादा हुकला असता तर छपाईची चूक म्हणता आलं असतं.

तिन्ही हुकले की छेद बदललाय असं समजा. ६१, ६०, ५९ असं एकेक उतरत जा. ५७ वर २२ माणसं म्हणजे ३८.६. २६ म्हणजे ४५.६. ९ म्हणजे १५.८. आणि २२, २६, ९ यांची बेरीज बरोबर ५७. उरलेले पाच जण कोण? बहुधा ‘सांगता येत नाही’ म्हणणारे. त्यांना काढून टाकलं, पण तक्त्याच्या डोक्यावर ६२ तसंच राहिलं. काढणं हा गुन्हा नाही, न सांगणं वाईट. त्यांना धरलं तर चित्र असं होतं: अ ४१.९, ब ३५.५, इतर १४.५, न ठरलेले ८.१.

मथळ्यातली सात टक्क्यांची आघाडी म्हणजे २६ वजा २२, चार माणसं. ५७ जणांवर एका पक्षाच्या आकड्याची चूक ९८ भागिले ७.५५, म्हणजे अधिक-उणे १३. दोन पक्षांतल्या फरकाची चूक त्याहून मोठी, कारण एकाकडचं मत दुसऱ्याकडे गेलं की फरक दोन्ही बाजूंनी हलतो. इथं ती २४ च्या घरात जाते. पहिल्या पानावरचे २ टक्के या तक्त्याला लावायचे नसतात.

इथं कुणीतरी नेहमी विचारतं, मराठवाडा केवढा, हिंगोली केवढी, त्याचा हिशेब कुठं? २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या वर, हिंगोलीची पावणेबारा लाखांच्या आसपास. सूत्रात यातलं काहीच येत नाही. नमुना लोकसंख्येच्या मानानं अगदी छोटा असला की चूक ठरते ती नमुन्याच्या आकारावर. हिंगोलीतले ५७ आणि अख्ख्या राज्यातले ५७, दोन्हींची चूक तीच.

आता एक अडचण. कुठलाच छेद जुळत नसेल तर? तेव्हा भारांकन झालेलं असण्याची शक्यता मोठी. नमुन्यात बायका कमी आल्या, तर प्रत्येकीचं उत्तर समजा १.४ पट मोजतात. मग पायऱ्या मोडतात आणि आपली दुसरी तपासणी लागू पडत नाही, त्यावरून आकडे बनावट ठरवू नका. मात्र भारांकनानं मार्जिन ऑफ एरर वाढतो. एकाच बूथवर वीस-वीस जण विचारले असतील तरी वाढतो, कारण एका वस्तीतली माणसं बरीचशी एकसारखं बोलतात. या दोन्हींमुळे विचरण, म्हणजे आकडा किती विखुरतो त्याचं माप, दीडपट झालं, तर चूक दीडाच्या वर्गमुळानं, म्हणजे १.२२ पट वाढते आणि आपले २.८ होतात ३.४. भारांकन केल्याचं लिहून चूक नेमकी ९८ भागिले वर्गमूळ एवढीच छापलेली दिसली, तर ती कमी दाखवलेली आहे.

बेरीज ९९.९ किंवा १००.१ झाली तर ओरड करू नका, ते गोल करण्यामुळे होतं. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक फिरवून गोळा केलेल्या उत्तरांना मार्जिन ऑफ एरर लावलेला दिसला, तर हे गणित करत बसायचीही गरज नाही. त्यात नमुना कुणी निवडलेलाच नसतो.

संस्थेला तीन गोष्टी लेखी विचारा: प्रत्येक तक्त्यात भारांकनाआधी किती माणसं होती, ‘सांगता येत नाही’ कुठं गेले, आणि चूक कुठल्या संख्येवर काढली. उत्तर येईपर्यंत बातमी थांबत नसेल, तर हिंगोलीचा तक्ता टक्क्यांत छापू नका. ‘आकड्यांवरून दिसतं त्याप्रमाणे ५७ पैकी २६ जणांनी अ पक्षाचं, २२ जणांनी ब पक्षाचं नाव घेतलं’ एवढं लिहा, आणि ५७ हा छेद संस्थेनं दिलेला नसून आपण काढलेला आहे, हेही त्याच वाक्यात लिहा.