विक्री वाढली, मग पैसे कुठे अडकले?

नमस्कार श्रोतेहो. आज जवळ कागद-पेन्सिल असेल तर बरं, कारण एक छोटा हिशेब आपण मिळून करणार आहोत. पाटीवर मांडता येईल एवढाच.

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एक वर्कशॉप आहे असं समजू. फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं, त्याचं मशीनिंग करायचं आणि तयार पार्ट मोठ्या कंपन्यांना द्यायचा, हा धंदा. वर्कशॉप मी उदाहरणासाठी रचलेलं आहे, पण गेली अनेक वर्षं छोट्या कारखान्यांची खाती लिहिताना यातला एकेक तुकडा मी पाहिलेला आहे. मालक सप्टेंबरअखेर खुशीत असतो, कारण तिमाहीची विक्री 45 लाखांवरून 48 लाखांवर गेलेली असते. आणि त्याच आठवड्यात बँकेतून फोन येतो की तुमचं कॅश क्रेडिट खातं मर्यादेला टेकलंय, म्हणजे बँकेकडून उचलता येणारं कर्ज उचलून संपलंय. विक्री वाढली, नफाही दिसतोय, मग पगाराला पैसे का नाहीत?

याचं उत्तर ज्या आकड्यात असतं त्याला हिशेबाच्या भाषेत डेज सेल्स आउटस्टँडिंग म्हणतात, थोडक्यात डीएसओ. आपण त्याला उधारीचे दिवस म्हणू. माल गेल्यापासून पैसे हातात यायला सरासरी किती दिवस लागतात, ते तो सांगतो. काढायची रीत अशी: तिमाहीअखेर लोकांकडून जेवढं येणं बाकी आहे, त्याला तिमाहीच्या उधार विक्रीने भागायचं आणि 90 ने गुणायचं.

जूनअखेर या वर्कशॉपचं येणं होतं साडेबावीस लाख, विक्री 45 लाख. म्हणजे येणं विक्रीच्या निम्मं. 90 चे निम्मे, 45 दिवस. सप्टेंबरअखेर येणं झालं 32 लाख आणि विक्री 48 लाख. हे होतात 60 दिवस. तीन महिन्यांत 15 दिवस वाढले.

इथे एक चूक जवळजवळ सगळेच करतात. टॅलीतून येण्याची यादी काढली की ती जीएसटीसकट येते, आणि विक्रीचा आकडा नफा-तोट्याच्या पत्रकातून घेतला की तो जीएसटीशिवाय असतो. 18 टक्के कराचा माल असेल तर जूनचे 45 दिवस या घोळात 53 दिसतील. दोन्ही आकडे करासकट घ्या किंवा दोन्ही कराशिवाय घ्या. मी आज कराशिवाय बोलतोय. रोखीची विक्रीही यात धरायची नाही, नाहीतर काउंटरवरच्या रोख पैशाने उधारीचं दुखणं झाकलं जातं.

आता हे वाढलेले 15 दिवस रुपयांत मांडू. 48 लाखांच्या विक्रीवर जुन्याच चालीने, 45 दिवसांनी, पैसे आले असते तर येणं 24 लाख राहिलं असतं. आहे 32 लाख. म्हणजे 8 लाख रुपये गिऱ्हाइकांकडे जास्तीचे अडकले, आणि तेवढेच मालकाने बँकेकडून उचलले. कॅश क्रेडिटचा दर 11 टक्के धरला तर वर्षाला 88,000 रुपये व्याज. विक्री वाढल्याचा आनंद त्याने कशाच्या जिवावर साजरा केला, ते आता कळतं.

पण थांबा. 60 हा आकडा बघून लगेच फोन उचलून गिऱ्हाइकाशी भांडायला जाऊ नका. हा आकडा कधीकधी खोटं बोलतो. दसरा-दिवाळीच्या आधी ऑर्डरी एकदम येतात. समजा जुलैत 10 लाख, ऑगस्टमध्ये 14 लाख आणि सप्टेंबरमध्ये 24 लाखांचा माल गेला. बेरीज तीच, 48 लाख. पण सप्टेंबरचा माल नुकताच गेलाय, त्याचे पैसे अजून यायचेच नाहीत. अशा वेळी उलट्या दिशेने मोजायचं. येणं 32 लाख, त्यातून सप्टेंबरचे 24 लाख वजा केले, महिना संपला, दर महिना 30 दिवसांचाच धरू, म्हणजे 30 दिवस झाले. उरले 8 लाख. ऑगस्टची विक्री 14 लाख, त्यातले 8 लाख म्हणजे अंदाजे 17 दिवस. एकूण 47. साध्या रीतीने 60 येतात, या रीतीने 47, आणि इथे खरा आकडा 47 चा आहे. मात्र विक्री तिन्ही महिने 16-16 लाखांची असेल तर दोन्ही रीतींनी 60 च येतात. आपल्या वर्कशॉपचं तसंच होतं. म्हणजे वसुली खरोखर ढेपाळली होती.

आता ढेपाळली कुठे? सरासरी तेवढं सांगत नाही, म्हणून गिऱ्हाईकवार तोच हिशेब करावा लागतो. आपल्या मालकाचं एक गिऱ्हाईक मोठं, बाकी दहा-बारा लहान. लहानांना तिमाहीत 28 लाखांचा माल गेला, त्यांच्याकडे बाकी 13 लाख. हे 42 दिवस. जूनमध्ये त्यांचेच 43 होते. म्हणजे ज्यांना मालक रोज फोन करून सतावत होता ते बिचारे वेळेवर देत होते! मोठ्या गिऱ्हाइकाला 20 लाखांचा माल गेला होता आणि बाकी होती 19 लाख. साडेपंच्याऐंशी दिवस. आधीच्या तिमाहीत त्याचे 48 च्या आसपास होते. अख्खी वाढ या एकाच नावाखाली होती, आणि त्याला फोन करायला मालक कचरत होता, कारण ऑर्डर जाईल ही भीती.

मग त्याची बिलं एकेक करून बाहेर काढली. 9 लाखांची बिलं ठरलेल्या मुदतीतलीच होती. 7 लाखांची बिलं अशी निघाली की कास्टिंगचं भाडं आणि दर वाढल्यामुळे पार्टचा नवा दर तोंडी ठरला, आपल्या माणसाने नव्या दराने बिल काढलं, पण गिऱ्हाइकाच्या परचेस ऑर्डरवर जुनाच दर होता. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये दर जुळेना, म्हणून बिल पुढे सरकेना. कुणी नाही म्हटलं नव्हतं, कुणी हो म्हटलं नव्हतं. उरलेल्या 3 लाखांच्या बिलांत काही पार्ट रिजेक्ट होऊन परत आले होते. परत आलेल्या मालाची रक्कम बिलातून कमी करणारी क्रेडिट नोट आपल्याकडून निघाली नाही, म्हणून त्यांनी तेवढीच रक्कम न कापता सगळी बिलंच अडवून ठेवली.

माझा अनुभव असा की वाढत्या उधारीच्या दिवसांमागे पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या खिशातल्या चणचणीआधी आपलाच अर्धवट कागद सापडतो. गेटवर माल घेतल्याची पावती हरवलेली असते, महिन्याची कटऑफ तारीख उलटून बिल पोचतं, किंवा आपण जीएसटीआर-1 या विक्रीच्या रिटर्नमध्ये बिल दाखवलेलं नसतं आणि त्यांना कराचं क्रेडिट दिसत नाही. हे दुरुस्त करायला भांडण लागत नाही.

खरी चणचण असेल तर खुणा वेगळ्या असतात. बिलवार पैसे येणं बंद होतं आणि 50,000, 1 लाख अशा गोल रकमा "ऑन अकाउंट" येऊ लागतात. लेखा विभागातला माणूस फोन टाळतो, पण खरेदी विभाग मात्र माल लवकर पाठवा म्हणत राहतो. कधी दुसऱ्या पुरवठादाराचा माल बंद झाल्याने तुमच्याकडे अचानक जास्त ऑर्डर येते. ही शेवटची खूण मला सगळ्यात जास्त घाबरवते, कारण त्या वेळी मालकाला वाटतं की आपलं नशीब उघडलं.

आपल्या वर्कशॉपकडे परत येऊ, कारण उशीर झाला तर पुढे काय होतं ते कॅश क्रेडिटवाल्यांनी ऐकायला हवं. दर महिन्याला आपण बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतो. त्यात मालाबरोबर येणंही मोजलं जातं, त्यातून बँकेचं मार्जिन वजा होतं आणि ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या महिन्यात किती उचलता येईल ते, ठरते. साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जुनं येणं बँक यात धरत नाही. म्हणजे दराच्या घोळात अडकलेले ते 7 लाख आज तुमच्या ड्रॉइंग पॉवरमध्ये आहेत, पण 90 दिवस ओलांडले की त्यातून गळतात. उधारी वाढली म्हणून तुम्हाला जास्त कर्ज हवं असतं आणि नेमकं त्याच महिन्यात मिळणारं कर्ज कमी होतं. शिवाय मासिक रिटर्न भरणाऱ्याला त्या बिलांचा जीएसटी, पैसे आले नसले तरी, पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरावाच लागतो.

कायदाही मदतीला आहे. 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला, लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. फक्त एक मेख लक्षात ठेवा. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत गिऱ्हाइकाने मालाबद्दल लेखी हरकत घेतली, तर ती निकाली निघेपर्यंत मुदत सुरूच होत नाही. म्हणजे त्या रिजेक्शनच्या 3 लाखांचं घड्याळ तुमच्या हलगर्जीमुळे थांबलेलं असू शकतं. आणि या तरतुदीचा लाभ निव्वळ व्यापाऱ्याला नाही, त्याने उद्यम नोंदणी केली असली तरी.

याला जोडून 1961 च्या आयकर कायद्यात कलम 43ब मध्ये एक तरतूद आली, 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली. मुदत उलटून दिलेले पैसे खरेदीदाराला ज्या वर्षी प्रत्यक्ष चुकते केले त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येतात. त्यामुळे काही कंपन्या मार्चअखेर लहान पुरवठादारांची जुनी देणी उरकून टाकतात. तुमचा मार्चचा आकडा गोंडस दिसतो आणि जूनचा बिघडतो. जूनची तुलना मार्चशी करू नका, गेल्या वर्षीच्या जूनशी करा.

आपल्या मालकाने शेवटी काय केलं? ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो वसुलीसाठी मोठ्या गिऱ्हाइकाच्या लेखा विभागात नाही, आधी खरेदी विभागात गेला. नव्या दराची परचेस ऑर्डर सुधारून घेतली आणि तिची प्रत लेखा विभागात स्वतः नेऊन दिली. रिजेक्शनची क्रेडिट नोट त्याच दिवशी काढली. महिनाअखेर 10 पैकी साडेआठ लाख आले. दीड लाख अजून बाकी आहेत, त्यातल्या काही पार्टांचं गेजिंग, म्हणजे मापं, कोणाचं बरोबर यावर दोघांचं अजून एकमत नाही. आता नवा दर लेखी मिळाल्याशिवाय त्या दराने एकही बिल काढायचं नाही, असं त्याने डिस्पॅचच्या टेबलावर लिहून चिकटवलंय. नमस्कार.