टाकी केवढी बांधावी?

(गणिताच्या प्राध्यापकांसमोर रत्नागिरीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज मी एकच प्रश्न घेऊन आले आहे आणि तो तुमच्यासमोर सोडवणार आहे. द्वितीय वर्षाच्या मुलांना मी तो दोन आठवड्यांसाठी घरी देते. प्रश्न असा आहे: कोकणातल्या एका वाडीत पाच माणसांचं घर आहे. पावसाचं पाणी साठवायला त्यांनी टाकी केवढी बांधावी, याचा सल्ला घरमालकाला एका पानात द्या. हिशेब मागे जोडा.

पूर्वी हाच प्रश्न मी वेगळा विचारायचे. छप्पर ६० चौरस मीटर, वर्षाचा पाऊस ३००० मिलिमीटर, पडलेल्यापैकी ८० टक्के पाणी पन्हळीतून हाती लागतं. तर किती लिटर जमेल? उत्तर १,४४,००० लिटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, एवढं कळलं की तो नुसता गुणाकार राहतो. सगळ्या मुलांचं उत्तर बरोबर यायचं आणि कुणालाही काही कळलेलं नसायचं. कारण इथे तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांवर टँकर येतो. जांभ्यात पाणी मुरतं, उतारावरून झऱ्यावाटे निघून जातं, नद्या आखूड आहेत, सह्याद्रीतून उतरल्या की थोड्याच अंतरावर खाडी. म्हणजे आपली अडचण पावसाच्या बेरजेची नाही, तारखांची आहे. माझ्या जुन्या प्रश्नात तारीख कुठेच नव्हती.

म्हणून मी प्रश्नातले सगळे आकडे खोडले. छप्पर केवढं, पाऊस किती, वापर किती, विहीर आहे की नाही, काहीच दिलेलं नाही. मुलं पहिल्या दिवशी विचारतात, ‘मॅडम, डेटा?’ मी सांगते, शोधा, मोजा, नाहीतर धरून चाला; पण काय धरलं आणि का धरलं ते लिहा.

आता सोडवून बघू. मूळ समीकरण सोपं आहे: उद्याचा साठा म्हणजे आजचा साठा, अधिक छपरावरून आलेलं पाणी, वजा दिवसाचा वापर. टाकी भरली की वरचं पाणी वाहून जाणार आणि साठा शून्याखाली जाणार नाही. एवढंच प्रारूप. ते एक्सेलमध्ये बसतं, वहीतही बसतं.

पाऊस साधारण १५ ऑक्टोबरला संपला आणि ७ जूनला आला असं धरा. दोन्ही तारखा धरून दिवस २३६. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटरचा निकष आहे. पाच माणसांचे २७५. गुणाकार केला की ६४,९०० लिटर. ही टाकी घराशेजारी एक खोली बांधल्यासारखी होईल: पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद, माणूस बुडेल इतकी खोल. घरमालक हा कागद घडी करून ठेवून देईल.

आता वापराचं गृहीतक बदला. टाकीचं पाणी फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला नाही. घरी कळशी मोजली तर दहा लिटरची निघते. चार कळश्या, म्हणजे रोज ४० लिटर. २३६ दिवसांचे ९,४४० लिटर. दहा हजारांची टाकी आली. आणखी एक गृहीतक बदला: घराला विहीर आहे आणि ती फेब्रुवारीअखेरपर्यंत साथ देते. मग १ मार्चपासूनचे ९९ दिवस उरले, ३,९६० लिटर. आता दोन काळ्या प्लास्टिकच्या टाक्यांत काम भागतं.

बघा, चार हजारांपासून पासष्ट हजारांपर्यंत आपण आलो आणि पावसाचा आकडा अजून लागलेलाच नाही. पाणी काय कामाला आणि किती दिवस, या दोन गृहीतकांनी उत्तर सोळा पटींनी हलवलं.

मग छपराचं काय? मुलं त्याच्यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवतात. कौलं की पत्रा, किती टक्के पाणी वाया जातं, पाखी किती कललेली. छप्पर निम्मं करून बघू या. ३० चौरस मीटर. दहा हजारांची टाकी भरायची आणि पावसाळाभर रोजचे ४० लिटरही त्यातूनच घ्यायचे, तरी सगळं मिळून साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पुरतो. रत्नागिरीत तेवढा एकट्या जुलैत सहज पडतो. म्हणजे या टाकीसाठी छप्पर निम्मं झालं तरी उत्तर जागचं हलत नाही. पण पासष्ट हजारांच्या टाकीला हे लागू नाही. तिथे वर्षाचा सगळाच वापर, एक लाखाच्या वर लिटर, छपरावरून यायला हवा. ६० चौरस मीटरला त्यासाठी साधारण २,१०० मिलिमीटर लागतात, ते मिळतात. ३० चौरस मीटरला ४,२०० लागतील, ते मिळणार नाहीत. टाकी पूर्ण भरणारच नाही. म्हणजे छपराला महत्त्व आहे की नाही, हे टाकी कशासाठी आहे त्यावर ठरतं. या प्रश्नातलं मला सगळ्यात आवडणारं वाक्य हे आहे आणि ते ज्या मुलाच्या कागदावर सापडतं त्याचा कागद मी पुन्हा वाचते.

आता गुणांकडे येते, कारण तुमच्यापैकी बहुतेकांची खरी भीती तीच आहे: उत्तर एक नसेल तर तपासायचं कसं? माझे गुण वीस. गृहीतकांना आठ, पद्धतीला सहा, मांडणीला सहा. अंतिम आकड्याला स्वतंत्र गुण नाहीत.

गृहीतकांच्या रूब्रिकमध्ये मी सुरुवातीला चूक केली होती. ‘गृहीतके स्पष्ट लिहिली आहेत’ असं वाक्य ठेवलं होतं. परिणाम असा की मुलांनी यादीच द्यायला सुरुवात केली. टाकी गळत नाही. पन्हळ तुंबत नाही. पाच माणसं वर्षभर घरीच असतात. बारा-बारा ओळी, आणि पुढच्या हिशेबात त्यातल्या दोनच वापरलेल्या. त्यातच एकाच कागदाला मी सात दिले आणि माझ्या सहकाऱ्यांनी तीन, कारण मी ओळी मोजल्या आणि त्यांनी कारणं शोधली. तेव्हा शब्द बदलले. आता असं आहे: गृहीतक नुसतं लिहिलं असेल तर दोनपर्यंत. प्रत्येकाला कारण असेल, म्हणजे मोजलं, कुणाला विचारलं किंवा निकष बघितला, तर पाचपर्यंत. आणि ते बदललं तर उत्तर किती हलतं हे करून दाखवलं असेल, तरच आठपर्यंत. जे गृहीतक बदलूनही उत्तर हलत नाही, ते हलत नाही असं म्हणणं हेसुद्धा या वरच्या गुणांत येतं. छपराचं उदाहरण त्यासाठीच सांगितलं.

पद्धतीसाठी मी तीन गोष्टी बघते: एकके जुळतात का, प्रारूप प्रश्नाला बेताचं आहे का, आणि उत्तर कशाशी ताडून पाहिलं का. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते. एका गटाने रोजच्या पावसाचं सुंदर सिम्युलेशन केलं होतं, आलेख रंगीत, प्रोग्रॅम नेटका. वापर घेतला होता माणशी १३५ लिटर. हा शहरी नळयोजनांसाठी वापरला जाणारा आकडा आहे, मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरांचा. त्यांचं उत्तर आलं १,५९,३०० लिटरची टाकी. चूक शोधायला प्रोग्रॅम उघडावा लागत नाही. त्यांच्याच कागदावर दोन पानं आधी लिहिलं होतं की छपरावरून वर्षाला १,४४,००० लिटर मिळतात. वर्षभर एक थेंब न वापरता साठवलं तरी टाकी भरणार नाही! दोन आकडे शेजारी ठेवून कुणी पाहिलेच नाहीत. पद्धतीला त्यांना सहापैकी तीन मिळाले. काही सहकाऱ्यांना हे कठोर वाटलं. मला वाटत नाही.

ताडून पाहायला फार साधी टोकं पुरतात. वापर शून्य केला तर टाकी भरलेलीच राहते का? पाऊस शून्य केला तर अपेक्षित दिवशी रिकामी होते का? आणि एक खरी परीक्षा तारखांची. मान्सून मुंबईत २०२३ मध्ये २५ जूनला पोचला आणि २०२५ मध्ये २६ मेला. दोन वर्षांत एक महिन्याचा फरक. तर ७ जून ही तारीख धरणाऱ्या मुलाने विचारावं की आपली दहा हजारांची टाकी कुठपर्यंत जाते. दहा हजार भागिले चाळीस, अडीचशे दिवस, म्हणजे २१ जून. २०२३ सारख्या वर्षी शेवटचे काही दिवस टाकी कोरडी पडू शकते. हे कळल्यावर टाकी वाढवायची की वापर कमी करायचा, हा निर्णय घरमालकाचा; तो त्याच्यासमोर ठेवणं हे आपल्या मुलांचं काम.

इथे मालवणकडच्या एका मुलीचा कागद आठवतो. तिने आजीला विचारलं होतं आणि आजीचं उत्तर तसंच लिहून ठेवलं होतं: ‘मे महिन्यात चार कळशे खय? तीनच पुरवतव.’ बाकी सगळ्यांनी वापर वर्षभर सारखा धरला होता. पाणी कमी झालं की माणूस हात आखडतो, हे तिच्या प्रारूपात होतं, कारण ती विचारायला गेली.

मांडणीचे सहा गुण त्या एका पानाला आहेत आणि वाचणारा घरमालक आहे, मी नाही. पहिल्या दोन ओळींत टाकीचं माप आणि ती कशासाठी, हे आलं पाहिजे. ‘गुणांक ०.८’ असं लिहिलं की एक गुण जातो. ‘दहा लिटर पडले तर आठ हाती लागतात’ असं लिहिलं की राहतो. आणि हा सल्ला कधी चुकेल तेही त्याच पानावर हवं. एक बारीक गोष्ट: पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडा, छपरावरची धूळ आणि पाला त्यात येतो, हे ज्यांनी लिहिलं त्यांनी घर डोळ्यांसमोर आणलेलं असतं.

त्या मुलीच्या पानाचा शेवट वाचून दाखवते. ‘टाकी दहा हजार लिटरची बांधा. हे पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, रोज चार कळश्या. १ एप्रिलला आत काठी घालून बघा. तीन हजार लिटरच्या खुणेपेक्षा पाणी खाली असेल तर त्या दिवसापासून तीन कळश्या घ्या. तीन हजारांना तीन कळश्यांनी शंभर दिवस जातात. पाहुणे येणार असतील तर विहिरीचं पाणी आधी वापरा.’ खाली तिने काठीवर खूण कुठे करायची ते सेंटिमीटरमध्ये दिलं होतं, टाकीचा तळ दोन मीटर बाय दोन मीटर धरून: ७५.