ब्लोबॅक, शॉर्ट रिकॉइल, लाँग रिकॉइल: पिस्तुलाचं दार किती वेळ बंद ठेवायचं?

(कॅमेऱ्याकडे बघत. टेबलावर नुसत्या आकृत्या, शस्त्र नाही.)

नमस्कार मंडळी. आपल्याकडे परवानाधारकाकडे पिस्तूल असेल, तर बहुतेक वेळा ते .३२ बोअरचं असतं. ऑर्डनन्स फॅक्टरीचं 'अशनी' हे त्याचं ओळखीचं उदाहरण. पोलीस आणि लष्कराकडे मात्र ९ मिलिमीटरचं 'पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए' वर्षानुवर्षं आहे. ते ब्राउनिंग हाय पॉवरच्या कॅनडात बनलेल्या इंग्लिस आवृत्तीवरून घेतलं आहे. ९ मिलिमीटर प्रतिबंधित बोअर असल्यामुळे सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही, ही झाली कायद्याची बाजू. आज बघायचंय ते यंत्राच्या बाजूने. ही दोन पिस्तुलं बाहेरून सारखी वाटतात, दोन्हींची स्लाइड मागे जाते, पुंगळी उडते. आत मात्र एकाचं दार नुसतं लोटलेलं आहे आणि दुसऱ्याला कडी आहे.

(स्क्रीनवर: काडतुसाचा छेद. पुंगळी, दारू, गोळी.)

आधी दार म्हणजे काय ते बघू. काडतूस चेंबरमध्ये बसलेलं असतं. मागून त्याला टेकून असतो स्लाइडचा पुढचा सपाट भाग, म्हणजे ब्रीच. दारू पेटली की गॅस गोळीला पुढे ढकलतो आणि तेवढ्याच जोराने पुंगळीला मागे. पुंगळीचा पत्रा पितळी आणि पातळ. चेंबरच्या भिंतीचा आधार आहे तोवर तिला काही होत नाही. दाब उतरायच्या आधी ती मागे सरकून उघडी पडली, तर फुगते किंवा फाटते. म्हणून गोळी बॅरलमधून बाहेर पडून दाब कमी होईपर्यंत हे दार उघडायचं नाही. वेळ फार नाही, साधारण अर्धा मिलिसेकंद. पण ९ मिलिमीटरच्या काडतुसात दाबाची परवानगी असलेली कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय आहे. तेवढ्या दाबाला ब्रीचवर दीड टनाच्या आसपास जोर पडतो. .३२ ची मर्यादा २०,५०० पीएसआय, आणि पुंगळी बारीक असल्यामुळे जोर निम्म्याहूनही कमी.

आता ब्लोबॅक. यात बॅरल सांगाड्यात घट्ट बसवलेली, हलत नाही. स्लाइडला कडी नाही. दाराला आतून जातं लावून ठेवावं तसं आहे हे: दार उघडतं, पण हळू, कारण जातं जड आहे.

बरेच जण म्हणतील, अहो, स्प्रिंग आहे ना धरून ठेवायला? नाही. स्प्रिंगचा जोर पाच-सात किलो, समोर शेकडो किलो. त्या अर्ध्या मिलिसेकंदात स्लाइडला अडवण्यातला स्प्रिंगचा वाटा जेमतेम दोन-तीन टक्के. स्प्रिंगचं खरं काम नंतरचं: मागे गेलेल्या स्लाइडला थोपवणं आणि परत आणणं. तोपर्यंत दार धरून ठेवतं ते स्लाइडचं वजन.

(स्क्रीनवर: दोन ओळींचं गणित.)

गणित सोपं आहे. गोळीपेक्षा स्लाइड जितके पट जड, तितके पट ती कमी सरकते आणि तितके पट हळू. .३२ ची गोळी ४.६ ग्रॅम. स्लाइड २३० ग्रॅम धरा, म्हणजे पन्नास पट. गोळी बॅरलमध्ये ८० मिलिमीटर धावते तोवर स्लाइड १.६ मिलिमीटर मागे येते. गोळीचा वेग सेकंदाला २७५ मीटर धरला तर स्लाइडचा साडेपाच मीटर. दारूच्या गॅसचा धक्का यात धरलेला नाही, तो आकडे थोडे वाढवतो. तरी दीड-दोन मिलिमीटरने बिघडत नाही, पुंगळीचं तळाकडचं पितळ तेवढं जाड असतंच.

आता याच २३० ग्रॅमच्या स्लाइडमध्ये ९ मिलिमीटर घालून बघू. गोळी ८ ग्रॅम, वेग ३५० मीटर, बॅरलमधला प्रवास १०५ मिलिमीटर. स्लाइड गोळीच्या फक्त २९ पट. ती साडेतीन मिलिमीटरच्या वर सरकते, तेही जवळजवळ दुप्पट दाब चालू असताना, आणि तिचा वेग सेकंदाला १२ मीटर होतो. वेग दुपटीहून जास्त, म्हणजे सांगाड्यावर आदळताना ऊर्जा चौपटीहून जास्त. हे चालत नाही. पूर्वीचाच साडेपाच मीटरचा वेग हवा असेल तर नुसती स्लाइडच अर्ध्या किलोच्या वर न्यावी लागते.

असं करणारे होते, आहेत. स्पेनचं १९२१ चं अस्त्रा ४०० हे ९ मिलिमीटर लार्गोसाठी साधं ब्लोबॅक पिस्तूल. त्याची स्प्रिंग इतकी कडक की स्लाइड ओढणं हेच एक काम. आजचं अमेरिकन हाय-पॉइंट सी९ तसंच: ८२० ग्रॅमचं पिस्तूल, प्लास्टिकचा सांगाडा आणि वजनाचा बराचसा भार वर, स्लाइडमध्ये. स्वस्त पडतं, चालतंही. पण हातात धरलं की नाक जड लागतं. माझ्या मते ९ मिलिमीटरला ब्लोबॅक हा पैसे वाचवायचा उपाय आहे, चांगला उपाय नव्हे.

(स्क्रीनवर: हाय पॉवरची आकृती. बॅरलच्या पाठीवरच्या कडा, खालचा कॅम.)

शॉर्ट रिकॉइलमध्ये जॉन ब्राउनिंगने वजन वाढवण्याऐवजी कडी घातली. बॅरलच्या पाठीवर आडव्या कडा, स्लाइडच्या आतल्या छताला त्यांच्याच मापाच्या खाचा. बंद असताना कडा खाचांत बसतात. गोळी सुटली की बॅरल आणि स्लाइड एक होऊन मागे येतात.

इथेच नेहमी गोंधळ होतो. स्लाइड इथेही मागे येतेच, मग फरक काय? फरक असा, की पुंगळी ज्या चेंबरमध्ये आहे तो चेंबरही तिच्याबरोबर मागे येतोय. घर आणि दार दोन्ही सरकली, पण दार उघडलं नाही. ३५० ग्रॅमची स्लाइड आणि १०० ग्रॅमची बॅरल धरली तर मिळून गोळीच्या ५६ पट. गोळी बाहेर पडेपर्यंत दोघं एकत्र जवळपास दोन मिलिमीटर येतात आणि वेग सहा मीटरच्या थोडा वर. गोळी गेल्यावर बॅरलखालचा कॅम, म्हणजे तिरका उतार असलेला उंचवटा, सांगाड्यातल्या आडव्या दांड्यावर घसरतो, बॅरलचं मागचं टोक खाली झुकतं आणि कडा खाचांतून सुटतात. बॅरल तिथेच थांबते. स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते, पुंगळी ओढून काढते. दार उघडलं तेव्हा दाब उतरलेला असतो.

ब्राउनिंगच्याच १९११ मॉडेलमध्ये हे झुकवण्याचं काम एक छोटा हलता दुवा करायचा. हाय पॉवरमध्ये त्याच्या जागी पक्का कॅम आला. १९२६ मध्ये ब्राउनिंग वारल्यावर बेल्जियमच्या एफएनमध्ये दियुदोने सेव्ह याने ते पिस्तूल पूर्ण केलं, १९३५ चं मॉडेल म्हणून. ग्लॉकने पुढे पाठीवरच्या कडाही काढल्या आणि बॅरलचा चौकोनी मागचा भागच स्लाइडच्या खिडकीत अडकवला. तत्त्व तेच.

किंमत अशी, की बॅरल प्रत्येक वेळी हलते आणि तिला दर वेळी नेमकी त्याच जागी परत बसावं लागतं. ब्लोबॅकची बॅरल हलतच नाही, त्यामुळे साध्या घडणीतही नेम चांगला राहतो. दुसरं, मनगट ढिलं धरलं तर सांगाडाच स्लाइडबरोबर मागे जातो, स्लाइडला पूर्ण मागे जायला आधार मिळत नाही आणि पुंगळी खिडकीत उभी अडकते. स्प्रिंग थकली असेल तर स्लाइड आणि बॅरल जोरात आपटतात. खूण शोधायची ती बॅरलच्या कडांवर: धारदार कोपरे गोल झालेत का, धातू दबून बाहेर आलाय का. शंका आली की स्प्रिंग बदलायची आणि पिस्तूल शस्त्रकारागिराकडे न्यायचं. कडा कानशीने घासून सारख्या करणं म्हणजे कडी सैल करणं.

(स्क्रीनवर: फ्रॉमर स्टॉपची आकृती, तीन पायऱ्यांत.)

लाँग रिकॉइल. नाव ऐकून वाटेल की शॉर्टचंच लांब रूप. सुरुवात तशीच आहे, पण कडी लवकर सुटत नाही. बॅरल आणि बोल्ट, म्हणजे इथे स्लाइडऐवजी दाराचं काम करणारा तुकडा, जोडलेल्या अवस्थेत, अख्ख्या काडतुसाच्या लांबीहून जास्त, टोकापर्यंत मागे जातात. तिथे बोल्ट अडकून राहतो. बॅरल एकटी पुढे परतते आणि पुंगळी मागे उघडी पडून उडते. मग बोल्ट सुटतो आणि नवीन काडतूस घेऊन पुढे येतो.

पिस्तुलात हे टिकवून दाखवलं हंगेरीच्या रुडॉल्फ फ्रॉमरने. त्याचं 'फ्रॉमर स्टॉप' पहिल्या महायुद्धात हंगेरीच्या सैन्याकडे होतं. बॅरलच्या वरच्या नळीत दोन स्प्रिंगा, एक बॅरलसाठी, एक बोल्टसाठी. आणि काडतूस? ७.६५ मिलिमीटर, म्हणजे .३२ च्या घरातलं. आपण आत्ताच गणित केलं: त्या काडतुसाला कडीचीच गरज नाही! २३० ग्रॅमची स्लाइड पुरे. तिथे फिरता बोल्ट, सरकती बॅरल, दोन स्प्रिंगा. गोळीमागे हाताला एकाऐवजी तीन हिसके: सगळं मागे, बॅरल पुढे, बोल्ट पुढे. दोन स्प्रिंगांचा मेळ बिघडला किंवा नळीत घाण बसली, की बॅरल पूर्ण पुढे येत नाही आणि पुढचं काडतूस आत जात नाही.

हीच पद्धत ब्राउनिंगच्या ऑटो-५ शॉटगनमध्ये मात्र शोभते, कारण तिथे काडतूस लांब आणि जड, आणि दोन्ही हातांनी धरलेल्या बंदुकीत लांब प्रवासाला जागा आहे. तळहाताएवढ्या पिस्तुलात ती जागा नाही. फ्रॉमरला हे कळलं असावं. त्याचं १९२९ चं पिस्तूल, २९एम, साधं ब्लोबॅक आहे, ९ मिलिमीटर कुर्झसाठी, म्हणजे .३२ पेक्षा जरा दणकट काडतुसासाठी.

जाता जाता ब्लोबॅकवाल्यांसाठी एक गोष्ट, कारण .३२ इथे जास्त आहे. ब्लोबॅकमध्ये पुंगळीला गॅसच मागे ढकलतो, त्यामुळे एक्स्ट्रॅक्टरचा आकडा तुटलेला असला तरी पिस्तूल पुष्कळदा मुकाट चालत राहतं. तुम्हाला बिघाड कळतच नाही. कळतो तो रिकामं करताना: मॅगझिन काढली, स्लाइड ओढली, काही बाहेर पडलं नाही, म्हणजे रिकामं असं वाटलं. चेंबरमधलं न उडालेलं काडतूस मात्र तिथेच आहे, कारण ते ओढायला आकडाच नाही. म्हणून स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्याने बघा, आणि अंधार असेल तर करंगळी घालून चाचपा.