काटा पाणी मोजत नाही

(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावी प्लंबर आणि फिटरच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान, थोडे संपादित करून)

पोरांनो, आपल्याकडे घर गरम करायची सोय म्हणजे अंगणातली शेकोटी. त्यामुळे घरभर फिरणाऱ्या गरम पाण्याचं काय बिघडतं हे मी इथे सांगायला उभा राहिलो, तर तुम्हाला हसू येईल. पण तुमच्यातले दोघं-तिघं उद्या बाहेरदेशी या कामाला जातील. मी अकरा वर्षं इंग्लंडात लीड्सकडे हेच केलं. म्हणून आज एकच बिघाड सांगतो: बॉयलरवरचा प्रेशरचा काटा सारखा खाली येतो.

आपला न्हाणीतला बंब वरून उघडा असतो. पाणी तापून फुगलं तर फुगू दे, कुणाला त्रास नाही. तिकडची व्यवस्था मात्र बंद असते. बॉयलर, नळ्या आणि खोल्याखोल्यांतले रेडिएटर मिळून एका मध्यम घरात 100 लिटरच्या आसपास पाणी कोंडलेलं असतं. थंड असताना प्रेशर 1 ते 1.5 बार ठेवतात. ठिबकच्या फिल्टरवर तुम्ही दीड किलो प्रेशर म्हणता, जवळजवळ तेवढंच. हे 100 लिटर पाणी 10 अंशांवरून 70 वर गेलं की दोन लिटरहून थोडं जास्त फुगतं. पाणी दाबता येत नाही, मग त्या दोन लिटरांनी जायचं कुठे?

त्यासाठी एक्स्पान्शन व्हेसल असते. लोखंडी डबा, बहुतेक बॉयलरच्या पोटातच, 8 लिटरचा वगैरे. मध्ये रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भरलेली हवा. फवारणी पंपात हवेची कोठी असते ना, जिच्यामुळे दांडा थांबला तरी फवारा लगेच तुटत नाही? तीच युक्ती. पाणी फुगलं की हवा आकसते, निवलं की हवा पाण्याला परत ढकलते. म्हणजे काटा जे दाखवतो ते त्या डब्यातल्या हवेचं आकसणं आणि पसरणं. पाणी किती आहे ते तो मोजतच नाही. एवढं डोक्यात बसलं तर अर्धं काम झालं.

आता एक घर सांगतो. दुमजली, नऊ रेडिएटर, एकट्या राहणाऱ्या आजीबाई. रोज सकाळी काटा शून्यावर. त्या बिचाऱ्या रोज भरणीची तोटी उघडून 1.2 वर आणायच्या. आधीच्या माणसाने सांगितलं होतं, जमिनीखाली नळी फुटली, फरशी उकरावी लागेल. मी काही उकरलं नाही. काटा 1.2 वर आणला, बॉयलर चालू केला आणि चहा घेत काट्याकडे बघत बसलो. चाळीस मिनिटांत काटा 3 वर. तिथे सेफ्टी वॉल्व्ह उघडतो. मागच्या भिंतीतून एक तांब्याची नळी बाहेर निघालेली असते, तिच्यातून गरम पाणी पडायला लागलं.

गळतीने काटा खाली येईल, पण तापल्यावर 3 पर्यंत उड्या मारणार नाही. ती उडी हवा संपल्याची खूण. हिशोब करून बघा. डब्यात 8 लिटरपैकी हवा उरली जेमतेम 1 लिटर. 3 बारपर्यंत ती अर्ध्या लिटरहून कमीच जागा देते. बाकी पावणेदोन लिटर पाणी वॉल्व्हमधून अंगणात जातं. रात्री सगळं निवलं की तेवढं पाणी कमी पडतं आणि काटा शून्यावर. फरशीखाली काहीच नव्हतं.

डब्याला हवेसाठी वॉल्व्ह असतो, अगदी मोटारसायकलच्या ट्यूबचाच, सायकलचा नव्हे. पिन दाबायची. पाणी आलं तर पडदा फाटला, डबा बदलायचा. माझ्याकडे बारीक फुस्स झालं आणि कोरडं राहिलं. पडदा शाबूत होता, हवा तेवढी गेलेली.

इथे मी चूक केली. पंप लावला, चार दांडे मारले, टायरच्या मीटरवर 1.2 दिसलं, खूष झालो आणि घरी गेलो. आठवड्यात आजीबाईंचा फोन. अहो, पडद्यामागून 1.2 बारचं पाणी दाबत होतं, मीटर दाखवणार तेच ना! आत हवा थोडीशीच भरली गेली होती. बरोबर पद्धत अशी: बॉयलर थंड करायचा, खालचे दोन्ही वॉल्व्ह बंद करायचे, निचऱ्याची तोटी उघडून तिची नळी बादलीत सोडायची आणि ती उघडी ठेवूनच हवा भरायची. मी दांडा मारत गेलो आणि बादलीत काळपट पाणी येत गेलं, सहा लिटरच्या वर. पडदा सरकून ते पाणी बाहेर ढकलत होता. पाणी थांबलं, हवा 1 बारवर ठेवली, तोटी बंद केली, मग पाणी 1.2 पर्यंत भरलं. त्या दिवशी तापल्यावर काटा 2 च्या थोडा वर गेला आणि थांबला. एक सांगून ठेवतो, तिकडे गॅस बॉयलरचं झाकण नोंदणी असलेल्या माणसानेच उघडायचं असतं.

तरीही चार दिवसांनी काटा थोडा उतरला. रोज पाणी सुटून सुटून सेफ्टी वॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला होता. बाहेरच्या नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली. सकाळी पिशवीत कपभर पाणी. वॉल्व्ह बदलला.

त्यानंतर पंधरा दिवसांत काटा 1.2 वरून 1.1 वर आला. आता हवा ठीक होती, म्हणून या उतारावर विश्वास ठेवता येत होता. चांगल्या डब्यात हा दशांश म्हणजे साधारण 350 मिलिलिटर. दिवसाला 25 मिलिलिटर, म्हणजे दर तीन मिनिटांना एखादा थेंब. हा थेंब खाली पडतच नाही, गरम पितळेवरच वाळून जातो. म्हणून अशी गळती सकाळी सगळं थंडगार असताना शोधायची. वरच्या खोलीत एका रेडिएटरच्या वॉल्व्हला दांडीपाशी हिरवट खरपुड्या दिसल्या. कोरडा कागद लावला, ओला झाला. ग्लँडचं नट पाव आटा आवळलं, एवढंच.

हीच 350 मिलिलिटरची गळती हवा गेलेल्या डब्यात झाली असती तर काटा 1.2 वरून 0.6 वर आला असता. माणसाला वाटलं असतं, केवढी मोठी गळती! म्हणून मी आधी डबा तपासतो, मग थेंबाच्या मागे लागतो.

गळती कुठे आहे ते कळतच नसेल तर रात्री बॉयलरखालचे दोन्ही वॉल्व्ह बंद करायचे. सकाळी काटा उतरला असेल तर दोष बॉयलरच्या आत, जागच्या जागी असेल तर घरातल्या नळ्यांत. गळती बुजवायचं औषध मिळतं, मला ते आवडत नाही. ते ग्लँडवरचा उपाय आहे, फाटलेल्या पडद्यावरचा नाही.

एका पोराने विचारलं, रोज पाणी भरत राहिलं तर बिघडलं काय? बिघडतं. ताज्या पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजन जातो. जुन्या कोंडलेल्या पाण्यातला गंजायला केव्हाच खर्ची पडलेला असतो. बादलीतलं पाणी काळपट होतं ना, तो आजीबाईंच्या रेडिएटरचाच गंज.

निघताना मी त्यांची भरणीची लवचीक नळी दोन्हीकडून सोडवली. भरून झाल्यावर ती काढून ठेवायची असा तिकडे नियमच आहे, रेडिएटरचं घाण पाणी घराच्या पिण्याच्या पाण्यात उलटं ओढलं जाऊ नये म्हणून. शिवाय तिची तोटी झिरपत असेल तर गळती आणि भरणी दोन्ही सोबत चालतात, काटा जागचा हलत नाही आणि आत गंज चढत राहतो. आजीबाई थोड्या नाराज झाल्या, त्यांचं रोजचं एक काम गेलं. नळी मी बॉयलरशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवली.