तपासणी यादी फुकट, पुढचं काय? कॅप्शनमध्ये काय लिहावं

(शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या कार्यकर्त्यांसमोरील व्याख्यान, संपादित)

मंडळी, आपण कापसाचं एकच उदाहरण धरू. तुमच्या कंपनीला व्हॉट्सॲपवर गुलाबी बोंडअळीचं साप्ताहिक पत्रक सुरू करायचं आहे. कास्तकारांनी नाव नोंदवावं म्हणून सोबत एका पानाची तपासणी यादी फुकट द्यायची आहे, आणि फेसबुक-इन्स्टाग्रामच्या फोटोखाली त्याचं कॅप्शन लिहायचं आहे.

आधी यादी पक्की करा, कॅप्शन तिच्यातूनच निघतं. पेरणीला 45 दिवस झाले की निरीक्षणासाठी एकरी 2 कामगंध सापळे लावायचे. त्यातली गंधाची गोळी, म्हणजे ल्यूर, बसवताना खर्रा घोटलेला हात चालत नाही, कारण तंबाखूचा वास ल्यूरला लागतो. सापळ्यात सलग 3 रात्री रोज 8 किंवा जास्त पतंग आले, किंवा फुलांमागे 10 टक्के डोमकळ्या, म्हणजे अळी आत असल्याने नीट न उमललेली फुलं, दिसल्या, किंवा 20 हिरवी बोंडं फोडल्यावर 2 बोंडांत अळी निघाली, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं समजायचं. शेवटच्या ओळीत डोमकळ्या तोडून नष्ट करायच्या आणि फवाऱ्याआधी कृषी सहायकाला विचारायचं. एवढं पुरे. यादी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून गेली की दाबली जाते आणि बारीक अक्षरं फुटतात. म्हणून 7-8 ओळी, मोठं अक्षर आणि शेजारी आकडा लिहायला रिकामा चौकोन ठेवा. वावरात उभं राहून पेनाने भरता आली पाहिजे.

आता कॅप्शन. इन्स्टाग्रामवर साधारण 125 अक्षरांनंतर मजकूर झाकला जातो, त्यामुळे कामाची गोष्ट पहिल्याच ओळीत आली पाहिजे. बरीच कॅप्शनं ‘आमच्या परिवारात सामील व्हा’ अशी सुरू होतात. पऱ्हाटीत उभ्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा:

‘पऱ्हाटी 45 दिवसांची झाली? डोमकळी कशी मोजायची, एका पानाची यादी फुकट.

यादीसोबत ऑगस्ट ते डिसेंबर दर रविवारी संध्याकाळी 1 संदेश येईल: आपल्या भागातल्या सापळ्यांत किती पतंग आले आणि या आठवड्यात वावरात काय पाहायचं. जानेवारी ते जुलै महिन्याला 1. औषध-बियाण्याची जाहिरात नाही. फोटोवरचा नंबर सेव्ह करा आणि त्यावर “कापूस” व गावाचं नाव पाठवा. नको झालं तर “बंद” पाठवा.’

यातला आठवड्याचा हिशेब किडीच्या चालीतून आला आहे. अंडी साधारण चार-पाच दिवसांत फुटतात आणि अळी लवकरच फुलात किंवा बोंडात शिरते. आत गेलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. म्हणून महिन्याचं पत्रक हंगामात उशिरा ठरतं, आणि रोजच्या संदेशात सांगण्यासारखं नवीन काही नसतं. ऑगस्ट ते डिसेंबर म्हणजे साधारण 22 संदेश. ते पाठवणारा माणूस आणि पतंग मोजणारी माणसं आधी ठरवा, मगच ‘दर रविवारी’ हा शब्द लिहा. दिवाळीच्या रविवारी सापळे कोण पाहील, हेही आत्ताच ठरवा. एखाद्या आठवड्यात आकडे आले नाहीत तर ‘या आठवड्यात नोंद नाही’ एवढाच संदेश जाऊ द्या, पण जाऊ द्या.

‘नंबर सेव्ह करा’ ही ओळ सगळ्यात जास्त वेळा सुटते आणि सगळ्यात जास्त नुकसान करते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 माणसं बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला संदेश पोचतच नाही. समजा, 200 जणांनी यादी मागवली. तुम्ही ती प्रत्येकाला वेगळी उत्तरादाखल पाठवली, ती पोचली. रविवारचं पत्रक मात्र 90 जणांनाच गेलं, आणि बाकीच्यांना वाटलं, यांनी यादी देऊन आपलं नाव काढून टाकलं. हे ओळखायचं कसं? ब्रॉडकास्ट संदेशावर बोट दाबून धरा, संदेशाची माहिती उघडा, पोचलेल्यांची नावं मोजा. फरक मोठा असेल तर उरलेल्यांना वेगळा संदेश करा: ‘रविवारचा आकडा मिळाला नाही ना? हा नंबर सेव्ह करा.’

गावाचं नाव मागायचं, कारण आकडे भागानुसार द्यायचे आहेत. आधार, सातबारा, एकर काही मागू नका. एवढी माहिती या कामाला लागत नाही आणि तेवढ्याने माणूस थांबतो. ‘बंद’ आलं की त्याच दिवशी नाव काढा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असावं, असं म्हटलं आहे.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबली तरी उघडत नाही, म्हणून तिथे नंबर फोटोवरच मोठ्या आकड्यांत छापा. फेसबुकवर लिंक चालते, तिथे ती दुसऱ्या ओळीत टाका. आणि कॅप्शनमध्ये एक वाक्य आणखी जोडा: ‘आमच्या सापळ्यांचा आकडा तुमच्या वावरातल्या मोजणीची जागा घेत नाही.’ शेजारच्या शिवारात पतंग कमी म्हणून आपली बोंडं न फोडणारा कास्तकार नेमका याच पत्रकामुळे फसू शकतो.