नूतनीकरणाचे ‘आधी’ आणि ‘नंतर’: कॅमेरा एकाच जागी का हवा?

नमस्कार. स्वयंपाकघराच्या कामाच्या व्हिडिओखाली एक प्रश्न सतत येतो: नंतरचा फोटो थोडा मागून काढला आणि आधीच्या फोटोइतका कापून घेतला, तर चालेल का? चालणार नाही. ट्रायपॉड घ्या, दोन्ही वेळा मुख्य लेन्सच वापरा, दिवे आणि दिवसाची वेळ सारखी ठेवा, हे आपण सर्वजण जाणतो. म्हणून मी थेट कॅमेऱ्याच्या जागेकडे येतो.

समजा, ओट्याचे जवळचे टोक कॅमेऱ्यापासून ४ फुटांवर आणि समोरची खिडकी १० फुटांवर आहे. कॅमेरा १ फूट मागे नेला, तर ते टोक मूळ आकाराच्या ८० टक्के दिसते, परंतु खिडकी सुमारे ९१ टक्के दिसते. आता खिडकी जुळेपर्यंत फोटो मोठा केला, तरी ओट्याचे टोक सुमारे १२ टक्के लहानच राहते, आणि पाहणाऱ्याला वाटते की ओटा आटोपशीर झाला, जागा मोकळी झाली. प्रत्यक्षात ओट्याचे माप तेवढेच असते.

एका प्रेक्षकाने लिहिले आहे की झूम केल्याने खोली चपटी दिसते, म्हणून दोष झूमचा आहे. हा समज फार पसरलेला आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे परस्पर प्रमाण कॅमेऱ्याची जागा ठरवते, झूम केवळ चौकोन लहान-मोठा करतो.

त्यामुळे जागा नोंदवायची ती जमिनीवरच्या खडूच्या खुणेने नव्हे, कारण लादीबरोबर ती खूण जाते, आणि जुन्या लादीवर नवी बसवली तर जमिनीची उंचीही वाढते. जे बदलणार नाही त्याचा आधार घ्या. मी दाराबाहेर उभा राहून पाहतो, की चौकटीच्या डाव्या कडेला खिडकीचा कोणता गज टेकलेला दिसतो आणि उजव्या कडेला तुळईचा कोणता भाग. कॅमेऱ्याची उंची चौकटीच्या बिजागरीपासून मोजून लिहून ठेवतो.

काम झाल्यावर जुना फोटो दुसऱ्या फोनवर समोर धरून याच खुणा तपासा. दोन्ही खुणा एकाच दिशेला सरकल्या असतील, तर कॅमेरा बाजूला गेला आहे. चौकटीच्या आतून समोरची भिंत पूर्वीपेक्षा कमी दिसत असेल, तर तो मागे गेला आहे, जास्त दिसत असेल तर पुढे आला आहे. दोन्ही खुणा जुळल्या, की मगच शटर दाबा.

कामात चौकटच बदलणार असेल, तर तुळई आणि खिडकी यांच्यासारख्या, वेगवेगळ्या अंतरावरच्या दोन स्थिर वस्तू निवडा. तशा वस्तू उरणारच नसतील, तर ‘कॅमेऱ्याची जागा वेगळी आहे’ असे फोटोखाली लिहा.